तेजी, मंदी आणि नजराणा : कॉल-पुट ऑप्शनची सोपी ओळख

गेल्या दिवाळीनंतर एका साखरपुड्याच्या निमित्ताने अजिंठ्याला जाण्याचा योग आला. लेणी पाहावयास जगभरातून माणसे येतात. परंतु आमच्या नात्यातील मंडळींचा अजिंठा म्हणजे बाजारपेठेतील अडतीचे दुकान, मागील बाजूस कापूस व मका साठविण्याचे गोदाम आणि वरच्या मजल्यावर घर. दुपारची जेवणे आटोपल्यावर दुकानमालक, म्हणजे नात्याने माझे धाकटे मावसभाऊ, मला गादीवर घेऊन बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "दादा, तुम्ही बँकेत पस्तीस वर्षे काढलीत. आमचा मुलगा मोबाइलवर काहीतरी ऑप्शन विकतो. दरमहा पंधरा-वीस हजार येतात म्हणतो. मला तर त्यातले अक्षर कळत नाही. जरा बघता का?"

मुलगा बी.कॉम. झालेला, हुशार, नम्र. त्याने मोबाइल पुढे केला. सहा महिन्यांत त्याला सुमारे एक लाख दहा हजार रुपये मिळाले होते, हे खरेच होते. मी विचारले, "हे पैसे तुला कशाबद्दल मिळाले?" तो म्हणाला, "काका, प्रीमियम मिळतो. व्याजासारखेच आहे. ऑप्शन विकायचा, मुदत संपली की प्रीमियम आपला." मी पुढे विचारले, "समोरच्याने तो प्रीमियम तुला का दिला?" या प्रश्नावर मात्र तो थांबला.

त्या एका प्रश्नाचे उत्तर नीट समजले तर ऑप्शन या विषयातील बहुतेक सर्व समजले, असे माझे मत आहे. म्हणून त्या दुपारी गादीवर बसून बापलेकांना जे सांगितले, तेच येथे थोडे विस्ताराने मांडतो.

प्रथम एक गोष्ट सांगावयास हवी. हा विषय आपल्या व्यापारी घराण्यांना नवा नाही. नवे आहे ते इंग्रजी नाव. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी मुंबईच्या कापूसबाजारात, विशेषतः काळबादेवीच्या परिसरात, 'तेजी-मंदी'चे सौदे सर्रास चालत. ठरलेल्या भावाने ठरलेल्या मुदतीस माल घेण्याचा हक्क विकत घेणे म्हणजे 'तेजी' लावणे. ठरलेल्या भावाने माल देण्याचा हक्क विकत घेणे म्हणजे 'मंदी' लावणे. दोन्ही हक्क एकत्र घेतले की तो 'तेजी-मंदी'चा सौदा. या हक्काबद्दल जी रक्कम मोजावयाची तिला जुनी मंडळी 'नजराणा' म्हणत. हक्क विकत घेणारा तो लावणारा, आणि नजराणा खिशात घालून जोखीम पत्करणारा तो खाणारा. आजचा कॉल म्हणजे तेजी, पुट म्हणजे मंदी आणि प्रीमियम म्हणजे नजराणा. मावसभावांच्या चेहऱ्यावर येथेच थोडा उजेड पडला. त्यांनी हे शब्द आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकले होते.

या सौद्यांनी कोर्टाची पायरीही अनेकदा चढली. करार कायद्यानुसार पैज किंवा जुगार स्वरूपाचा करार रद्दबातल ठरतो. मग तेजी-मंदी हा जुगार समजावा काय, असा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता. असा सौदा केवळ त्याच्या स्वरूपामुळे जुगार ठरत नाही. दोन्ही पक्षांचा हेतू माल कधीच न देता-घेता फक्त भावातील फरक वाटून घेण्याचा होता काय, हे पाहावे लागते, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. तथापि सट्टा इतका वाढला की मुंबई प्रांताच्या सरकारने 1939 मध्ये कापसातील ऑप्शनवर बंदी घालणारा स्वतंत्र कायदाच केला. येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. अजिंठ्याचा घाट उतरले की खानदेश, म्हणजे त्या वेळचा मुंबई प्रांत. आणि घाटाच्या वर अजिंठा गाव, म्हणजे निजामाचे राज्य. कापूस एकच, पिकविणारी माती जवळजवळ एकच, पण घाटाखाली एक कायदा आणि घाटावर दुसरा. असो. स्वातंत्र्यानंतर 1952 च्या वायदे नियमन कायद्याने मालातील ऑप्शन देशभर बंद केले आणि 1956 च्या रोखे करार कायद्याने शेअरमधील. शेअरवरील ही बंदी 1995 मध्ये उठली, राष्ट्रीय शेअर बाजारात निर्देशांकावरील ऑप्शन जून 2001 मध्ये आणि एकेका कंपनीच्या शेअरवरील ऑप्शन पुढच्याच महिन्यात सुरू झाले. मालाच्या बाबतीत मात्र 2017 च्या ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे सोन्यावरील ऑप्शन येईपर्यंत वाट पाहावी लागली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. उदाहरणासाठी मी शेअर न घेता कापूसच घेतला, कारण समोरच्या गोदामात तो होता.

2022 च्या मे महिन्यात रुईच्या खंडीने लाखाचा आकडा ओलांडला होता, हे वाचकांना स्मरत असेल. त्या भावाची चव जिभेवर असल्याने पुढील हंगामात, म्हणजे 2022 च्या हिवाळ्यात, मराठवाडा, खानदेश आणि विदर्भातील शेतकऱ्यांनी कापूस विकलाच नाही. क्विंटलला नऊ हजारांच्या आसपास भाव मिळत असताना तो दहा-बारा हजार होईल या आशेने घराघरांत, ओसरीवर, झोपण्याच्या खोलीतसुद्धा कापूस साठविला गेला. भाव मात्र हळूहळू खाली येत गेला आणि 2023 च्या उन्हाळ्यापर्यंत तो सात हजारांच्या घरात उतरला. आमच्या मावसभावांनीही त्या वर्षी दोनशे क्विंटल कापूस धरून ठेवला होता. त्यांनी तो कितीस विकला हे मी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही.

समजा, त्या नोव्हेंबरात बाजारभाव 9,000 रुपये क्विंटल असताना त्यांना असा करार मिळाला असता, की 'एप्रिलअखेर 8,800 रुपये क्विंटल भावाने दोनशे क्विंटल कापूस विकण्याचा हक्क तुम्हाला राहील', आणि त्या हक्काची किंमत क्विंटलमागे 300 रुपये असती. प्रीमियमचा हा आकडा मी केवळ समजावण्यासाठी धरला आहे. तसेच गावच्या व्यापाऱ्याला सोयीचा असा करार त्या दिवशी बाजारात मिळाला असता असाही माझा दावा नाही. यातील 8,800 हा ठरलेला भाव म्हणजे स्ट्राइक किंमत. एप्रिलअखेर म्हणजे मुदत. क्विंटलमागे 300, म्हणजे एकूण 60,000 रुपये हा प्रीमियम. आणि विकण्याचा हक्क असल्यामुळे हा पुट ऑप्शन, म्हणजेच जुन्या भाषेत 'मंदी'.

आता एप्रिल संपला आणि भाव 7,200 झाला असे धरू. मावसभाऊ आपला हक्क बजावतील. 7,200 ला मिळणारी वस्तू त्यांना 8,800 ला देता येते, म्हणजे क्विंटलमागे 1,600 आणि एकूण 3,20,000 रुपयांचा लाभ. गोदामातील कापूस बाजारात 7,200 ने विकून 14,40,000 येतील. दोन्ही मिळून 17,60,000. त्यातून आधीच दिलेले 60,000 वजा केले की हातात 17 लाख, म्हणजे क्विंटलला 8,500 पडतात. भाव 6,500 पर्यंत पडला असता तरीही हेच 8,500 हाती आले असते. हा आकडा वाचकांनी कागदावर करून पाहावा. म्हणजे 60,000 रुपये देऊन त्यांनी आपल्या मालाखाली 8,500 रुपयांची फरशी घातली, ज्याखाली भाव गेला तरी त्यांना जाता येणार नव्हते.

आणि भाव पडण्याऐवजी 10,500 झाला असता तर? येथेच 'हक्क' आणि 'बंधन' यांतील भेद उमगतो. बाजारात 10,500 मिळत असता कोणता शहाणा व्यापारी 8,800 ने माल देईल? तो हक्काचा कागद फाडून टाकील आणि कापूस सरळ बाजारात विकील. 21 लाख येतील, त्यातून 60,000 वजा जाता 20,40,000. हक्क न वापरल्याबद्दल त्याला कोणी जाब विचारणार नाही, दंड करणार नाही. वायद्याचा सौदा केला असता तर मात्र 10,500 च्या बाजारातही त्याला ठरलेल्या भावानेच हिशेब चुकता करावा लागला असता. वायद्यात दोघेही बांधलेले असतात. ऑप्शनमध्ये बांधलेला असतो तो एकटा विकणारा. घेणारा मोकळा असतो. त्या मोकळेपणाची किंमत म्हणजे प्रीमियम.

मावसभावांनी लगेच शंका काढली, "म्हणजे हा विसारच की, दादा. प्लॉटचा विसार देतो तसा." ही तुलना अनेकजण करतात, आणि ती अर्धीच बरोबर आहे. विसार देऊन माणूस सौद्यातून मागे फिरला तर विसार बुडतो, इतपत साम्य खरे. पण विसार हा किमतीचाच एक भाग असतो. खरेदीखत झाले की तो उरलेल्या रकमेतून वजा होतो. शिवाय विसार देणारा खरेदीस बांधलेला असतो. समोरचा त्याच्यावर करारपूर्तीचा दावा लावू शकतो. प्रीमियमचे तसे नाही. तो हक्काचीच पूर्ण किंमत आहे. हक्क वापरा अथवा न वापरा, तो परत येत नाही आणि किमतीतून वळताही होत नाही. त्याची तुलना करावयाचीच तर गोदामाच्या अग्निविम्याच्या हप्त्याशी करावी. वर्षभर आग लागली नाही म्हणून आपण विमा कंपनीकडे हप्ता परत मागत नाही.

कॉल ऑप्शन याच्या उलट बाजूचा. समजा, एखाद्या जिनिंगवाल्याने गिरणीला मार्चमध्ये ठराविक भावाने रुई देण्याचे कबूल केले आहे, पण कापूस अजून खरेदी करावयाचा आहे. त्याला भीती तेजीची. तो 9,200 रुपयांनी कापूस घेण्याचा हक्क क्विंटलमागे 250 रुपये देऊन विकत घेतो. भाव 10,500 झाला तर त्याला कापूस एकूण 9,450 रुपयांस पडतो. भाव 7,200 वर आला तर हक्क सोडून देतो, बाजारातून 7,200 ने घेतो, आणि 250 धरून 7,450 पडतात. घबराटीच्या दोन्ही दिशांना त्याचे गणित आधीच ठरलेले असते.

येथपर्यंत सर्व काही हक्क घेणाऱ्याच्या बाजूने सांगितले. मुलगा तर विकणारा होता. म्हणून मी तोच कागद उलटा केला आणि त्याला म्हणालो, "आता तुझ्या वडिलांना हा हक्क ज्याने विकला, तो तू आहेस असे समज."

विकणाऱ्याला पहिल्याच दिवशी 60,000 मिळतात. ही त्याची जास्तीत जास्त मिळकत. भाव दहा हजार होवो वा पंधरा हजार, त्यात एक रुपयाची भर पडणार नाही. भाव 8,800 च्या वर राहिला तर हे 60,000 त्याचे झाले. भाव 7,200 झाला तर त्याने 3,20,000 द्यावयाचे, म्हणजे निव्वळ तोटा 2,60,000. भाव 6,000 झाला तर 5,60,000 द्यावयाचे, तोटा पाच लाख. आणि 'मला आता नको' म्हणण्याची सोय त्याला नाही, कारण ती सोय त्याने 60,000 रुपयांस विकलेली आहे. कॉल विकणाऱ्याची स्थिती याहून बिकट, कारण भाव शून्याखाली जात नसला तरी वर किती जावा याला सीमा नाही.

म्हणून बाजार विकणाऱ्याकडून मार्जिन नावाची अनामत घेतो आणि भाव विरुद्ध गेला की ती वाढवून मागतो. घेणाऱ्याने प्रीमियम एकदा मोजला की मुदत संपण्याच्या सुमारापर्यंत त्याच्याकडे कोणी काही मागत नाही. मार्जिन कोणाकडून मागितले जाते यावरूनच बंधन कोणावर आहे हे ओळखावे. मुलाने सहा महिन्यांत मिळविलेले एक लाख दहा हजार म्हणजे सहा महिने आग न लागलेल्या गोदामांचे हप्ते होते. त्याला ते व्याज वाटत होते. व्याज हे आपल्या भांडवलाच्या वापराबद्दल मिळते. प्रीमियम हा दुसऱ्याची जोखीम आपल्या डोक्यावर घेतल्याबद्दल मिळतो. विमा कंपनी हजारो गोदामांचा हप्ता घेते, म्हणून एक जळाले तरी तगते. ज्याच्याकडे दोन-तीनच सौदे आहेत, त्याच्यासाठी एक आग पुरेशी असते.

मी पुढे विचारले, "मार्जिनची रक्कम कोठून भरलीस?" उत्तर येण्यास वेळ लागला. दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यातून सहा लाख रुपये काढून त्याने ब्रोकरकडे भरले होते. वडिलांना हे ठाऊक नव्हते. खोलीत काही क्षण कोणीच बोलले नाही.

बँकेतील माणूस म्हणून याविषयी थोडे स्पष्ट लिहितो. कॅश क्रेडिटची मर्यादा गोदामातील माल आणि येणे रक्कम यांच्या तारणावर मंजूर होते. दरमहा आपण जे स्टॉक स्टेटमेंट देतो त्यावरून बँक ड्रॉइंग पॉवर काढते. त्या पैशातून कापूस घ्यावा, मका घ्यावा, हमाली-वाहतूक द्यावी, हेच अपेक्षित. ते पैसे शेअर बाजाराच्या मार्जिनला गेले की त्यास आम्ही निधी अन्यत्र वळविणे म्हणतो. मंजुरीच्या अटींचा तो भंग असतो आणि बँक त्यावर कर्ज परत मागू शकते. व्यवहाराची बाजू तर याहून वाईट आहे. ऐन हंगामात जेव्हा कापूस खरेदीसाठी पैसा लागतो, नेमका तेव्हाच बाजार हलला तर मार्जिनची वाढीव मागणी येते. एकाच थैलीवर दोन तोंडे लागतात. माझ्या नोकरीच्या काळात अशा एका खात्याचा शेवट मी जवळून पाहिला आहे. माल चांगला होता, गिऱ्हाईक चांगले होते, खाते बुडाले ते बाहेरच्या सौद्यामुळे.

मुलाने विचारले, "मग काका, विकण्यापेक्षा घेणेच चांगले ना? तोटा प्रीमियमपुरताच." हे वाक्य सर्वत्र ऐकू येते. ते खरे आहे, पण प्रीमियमपुरता तोटा म्हणजे पुष्कळदा संपूर्ण प्रीमियमचा तोटा, आणि तो वारंवार. याचे कारण समजण्यासाठी प्रीमियम कशाचा बनतो हे पाहावे लागते.

समजा बाजारभाव 9,000 असताना 9,500 ने विकण्याचा हक्क 750 रुपयांस मिळतो आहे. हा हक्क आजच बजावता आला असता तर 500 रुपये मिळाले असते. हे झाले त्याचे आजचे मूल्य. उरलेले 250 रुपये कशाबद्दल? मुदत संपेपर्यंत भाव आणखी पडण्याची जी शक्यता आहे, तिच्याबद्दल. त्यास वेळेचे मूल्य म्हणावे. वरच्या उदाहरणातील 8,800 च्या पुटमध्ये आजचे मूल्य काहीच नव्हते, कारण 9,000 चा बाजार सोडून 8,800 ने कोण विकील? त्याचे 300 रुपये हे सर्वच्या सर्व वेळेचे मूल्य होते.

हे वेळेचे मूल्य उन्हात ठेवलेल्या बर्फाच्या लादीसारखे असते. भाव जागचा हलला नाही तरी ते दररोज थोडे थोडे विरघळते, आणि मुदत जवळ येईल तसे अधिक वेगाने. शेवटच्या दिवशी सायंकाळी ते शून्य होते. म्हणून कॉल घेणाऱ्याचा अंदाज बरोबर ठरून भाव वाढला, पण तो उशिरा वाढला किंवा पुरेसा वाढला नाही, तरी त्याचे पैसे जातात. 9,200 चा कॉल 250 रुपयांना घेतला असेल तर भाव 9,450 च्या वर गेल्याशिवाय त्याला फायदा नाही. भाव 9,300 झाला, तेजी आली, अंदाज खरा ठरला, आणि तरीही क्विंटलमागे 150 रुपयांचा तोटा.

दुसरी गोष्ट अनिश्चिततेची. अर्थसंकल्प, निवडणुकीचा निकाल, पावसाचा अंदाज अशा घटनांच्या तोंडावर प्रीमियम फुगतो, कारण भाव मोठा हलेल अशी सर्वांनाच धास्ती असते. घटना पार पडली की धास्ती ओसरते आणि प्रीमियम एका रात्रीत उतरतो. निकालाच्या आदल्या दिवशी महाग कॉल घेतला, दुसऱ्या दिवशी बाजार वर उघडला, तरी हातातील कॉल स्वस्त झालेला दिसला, असा अनुभव अनेकांना येतो. त्यांना वाटते ब्रोकरने काही केले. ब्रोकरने काही केलेले नसते. पूर आल्याच्या बातमीनंतर काढलेला विमा महागच पडतो, आणि पूर ओसरला की त्याला गिऱ्हाईक उरत नाही.

अगदी स्वस्त ऑप्शनचा मोह तरुणांना फार होतो. दोन रुपये, तीन रुपये प्रीमियम पाहून 'लागले तर लागले' म्हणून घेतात. ते स्वस्त असतात ते लागण्याची शक्यता तितकीच कमी असल्यामुळे. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत शेअर बाजारातील वायदे व ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात होते, आणि त्यांचा एकत्रित तोटा एक लाख ऐंशी हजार कोटींहून अधिक होता. मावसभावांनी हा आकडा दोनदा विचारून घेतला आणि पाठीमागच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिला.

तरीही मी त्यांना ऑप्शन वाईट म्हणून सांगितले नाही. ज्याच्या गोदामात माल आहे त्याने मंदीचा हक्क घेणे किंवा ज्याने माल देण्याचे कबूल केले आहे त्याने तेजीचा हक्क घेणे, हे तिजोरीला कुलूप लावण्यासारखे आहे. अडचण अशी, की आपल्याला हवा तो माल, हवी ती मुदत आणि लहान व्यापाऱ्याला झेपेल असा आकार यांचा मेळ बाजारात क्वचितच बसतो. सोयाबीन, हरभरा, मोहरी यांसारख्या मालांचे वायदे आणि त्यांवरील ऑप्शन सेबीने डिसेंबर 2021 मध्ये स्थगित केले, आणि ती स्थगिती पुढे वेळोवेळी वाढविण्यात आली. ज्या करारात दिवसभरात मोजकेच सौदे होतात त्यात शिरणे सोपे आणि बाहेर पडणे महाग असते. घेण्याचा भाव आणि विकण्याचा भाव यांतील अंतर पाहिले की हे चटकन कळते. अंतर मोठे दिसले तर त्या वाटेस जाऊ नये.

त्या दुपारी मुलाने आपले विकलेले सौदे त्याच आठवड्यात उलटी खरेदी करून मिटविले आणि सहा लाख कॅश क्रेडिट खात्यात परत भरले. एका सौद्यात अकरा हजारांचा तोटा सोसावा लागला. वडील काही बोलले नाहीत.

पण गोष्ट तेथे संपली नाही. दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. या वेळी त्याने स्वतःच्या बचतीतून एका मोठ्या कंपनीच्या शेअरचा कॉल विकत घेतला होता. लॉट 500 शेअरचा, स्ट्राइक 1,400, प्रीमियम शेअरमागे 12 रुपये, म्हणजे गुंतवणूक 6,000. मुदतीचा शेवटचा दिवस होता, भाव 1,409 चालला होता, आणि तो म्हणत होता, "काका, 9 रुपये तर मिळतीलच. तसाच सोडून देतो. हक्कच आहे, बंधन तर नाही ना."

मी त्याला घड्याळ पाहावयास सांगितले. दुपारचे अडीच वाजून गेले होते. आपल्याकडील शेअर ऑप्शनचा हक्क फक्त मुदतीच्या दिवशीच बजावला जातो, आधी नाही. आधी बाहेर पडावयाचे तर तो हक्कच बाजारात दुसऱ्याला विकावा लागतो. आणि मुदत संपताना ज्या ऑप्शनमध्ये आजचे मूल्य शिल्लक असते तो आपोआप बजावला गेला असे समजतात. तुम्हाला कोणी विचारावयास येत नाही. निर्देशांकाच्या ऑप्शनमध्ये फक्त फरकाची रक्कम जमा होते. एकेका कंपनीच्या शेअरमध्ये मात्र 2019 पासून प्रत्यक्ष शेअरची देवघेव करावी लागते. म्हणजे भाव 1,400 च्या वर राहिला असता, तर त्याला 500 शेअर 1,400 रुपयांनी घ्यावे लागले असते, आणि त्यासाठी सात लाख रुपये उभे करावे लागले असते. याच कारणाने मुदतीपूर्वीच्या शेवटच्या चार दिवसांत अशा कॉल घेणाऱ्याकडूनही टप्प्याटप्प्याने वाढते मार्जिन मागितले जाते. त्याच्या ब्रोकरचे तसे संदेश आले होते. त्याने ते जाहिराती समजून उघडले नव्हते.

पुट घेतलेल्याची अवस्था याहून अवघड होऊ शकते. त्याला शेअर द्यावे लागतात, आणि ते डीमॅट खात्यात नसतील तर लिलावातून विकत घेऊन त्याच्या नावे टाकले जातात. तेथील भाव आपल्या हाती नसतो.

"आता काय करू?" त्याने विचारले. मी म्हणालो, "घेतलास तसाच विक. साडेतीनच्या आत." त्याने शेअरमागे 8 रुपये 70 पैशांनी तो कॉल विकला. सहा हजारांचे चार हजार तीनशे पन्नास हाती आले, त्यातून ब्रोकरेज व कर गेले. सायंकाळी त्याने पुन्हा फोन करून एकच विचारले, की ज्याने तो कॉल शेवटच्या तासात घेतला, त्याच्याकडे सात लाख असतील काय. मी सांगितले, की बहुधा तो तोच असावा ज्याने पूर्वी असा कॉल विकलेला होता आणि जो आता आपले बंधन परत विकत घेत होता.